मराठी व्हिडीओचं शीर्षक, वर्णन आणि चॅप्टर: सर्चमध्ये सापडेल असं कसं लिहायचं?

मृगबहार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वरुडजवळ आमची संत्र्याची बाग आहे आणि बागेतली कामं दाखवणारं छोटंसं यूट्यूब चॅनल आहे. गेल्या उन्हाळ्यात डिंक्या रोगावर बोर्डो पेस्ट बनवून खोडाला लावण्याचा व्हिडीओ टाकला, साधारण चौदा मिनिटांचा. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली की दोन दिवस लोक बघतात, मग सगळं थंड. काल आमच्या मावसभावाने त्याच्या फोनवर 'संत्रा डिंक' असं शोधून पाहिलं. खूप खाली गेला तरी माझा व्हिडीओ दिसला नाही.

सध्याचं शीर्षक असं आहे:

🙏शेतकरी बांधवांनो हा व्हिडीओ नक्की बघा🙏 संत्रा बागायतदारांसाठी अत्यंत महत्त्वाची माहिती भाग ७

वर्णनात चॅनल सबस्क्राईब करा, फेसबुकची लिंक आणि पंधरा-वीस हॅशटॅग आहेत. चॅप्टरही लिहिले होते, पण ते दिसतच नाहीत. कुठे काय बदलायचं ते सांगा.

पुसदकर टेक

भाऊ, सगळा खेळ टॅगचा आहे. टॅगच्या डब्यात ५०० अक्षरं मावतात, ती पूर्ण भरा. संत्रा, ऑरेंज, नागपूर ऑरेंज, शेती, फार्मिंग, व्हायरल, ट्रेंडिंग सगळं टाका. आणि हा व्हिडीओ डिलीट करून नव्याने अपलोड करा, म्हणजे त्याला फ्रेश सुरुवात मिळेल.

वऱ्हाडी ठेचा

शीर्षक वाचून मले त वाटलं का बागायतदार संघाची नोटीस निंघाली. डिंक्याचा पत्ताच नाही बाप्पा त्याच्यात.

मेघा अंजनगाव

मी अमरावतीत दोन-तीन शेतीच्या आणि एका शिकवणीच्या चॅनलचं एडिटिंग बघते, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी पुसदकर दादांना: डिलीट अजिबात करू नका. ग्रुपवर गेलेली लिंक मेली, जमलेले व्ह्यूज आणि कमेंट गेल्या, हाती काही नाही. शीर्षक, वर्णन, चॅप्टर हे सगळं जुन्या व्हिडीओवरच बदलता येतं. टॅगबद्दल तर यूट्यूबच्याच मदतीच्या पानावर लिहिलंय की व्हिडीओ सापडण्यात त्यांचा वाटा फार थोडा असतो. लोक एखादा शब्द नेहमी चुकीचा टाईप करत असतील तर तेवढ्यापुरता उपयोग. म्हणून 'डिंक्या'ची 'डिंक्य', 'डींक्या' अशी रूपं टॅगमध्ये टाका आणि पुढे चला. 'व्हायरल' टाकून कोणाला डिंक्या सापडणार आहे?

आता शीर्षक. ठेचा भाऊंनी हसत हसत मुद्द्याचंच सांगितलं. झाडाच्या खोडातून डिंक गळताना बघून जो माणूस फोन हातात घेतो, तो 'महत्त्वाची माहिती' असं शोधत नाही. तो 'संत्रा डिंक', 'संत्रा झाडाला डिंक येणे', 'मोरचूद चुना प्रमाण' असं काहीतरी शोधतो. तुमच्या शीर्षकात यातला एकच शब्द आहे, संत्रा, आणि तोही नमस्काराच्या मागे. फोनवर शोधताना शीर्षकाची फक्त सुरुवात दिसते, बाकीचं कापलं जातं. तुमचं 'शेतकरी बांधवांनो हा व्हिडीओ नक्की बघा' एवढंच दिसत असणार.

आणखी एक. शीर्षकाला १०० अक्षरांची मर्यादा आहे, पण मोजणी आपल्या डोळ्याला दिसते तशी होत नाही. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, प्रत्येकाचा वेगळा हिशोब लागतो. 'संत्रा' एवढ्याशा शब्दाचे सहा होतात. त्यामुळे मराठी शीर्षक लवकर भरतं, 'बांधवांनो'ला जागा द्यायला परवडत नाही.

मी असं लिहीन:

संत्रा झाडाला डिंक्या: बोर्डो पेस्ट कशी बनवायची, खोडाला कशी लावायची

हे सत्तरच्या आत बसतं आणि रोगाचं नाव सुरुवातीलाच येतं. 'भाग ७' वर्णनात टाका. सातवा भाग शोधणारा तुमचा नेहमीचा प्रेक्षक असतो, त्याच्यासाठी प्लेलिस्ट आहे.

धानवाला साकोली

मेघाताई, 'बोर्डो पेस्ट' म्हणायचं का 'बोर्डो मलम'? आमच्याकडे संत्रा नाही, धान आहे, पण हीच पंचाईत. मी 'धानाची रोवणी' लिहितो. पुण्याकडचा माणूस 'भात लावणी' शोधतो. त्याला माझा व्हिडीओ दिसत नाही आणि मला त्याचा.

मेघा अंजनगाव

ते अंदाजाने ठरवू नका, शोधून बघा. यूट्यूबच्या शोधखान्यात 'संत्रा डिंक' लिहा, एक जागा सोडा आणि थांबा. खाली जे पर्याय येतात ते लोकांनी आधी शोधलेल्यांतून येतात. हे करताना स्वतःच्या खात्यातून बाहेर पडा, नाहीतर तुमचेच जुने शोध वर येतात. मग 'बोर्डो' लिहून बघा, 'मोरचूद' लिहून बघा. ज्या शब्दाला पर्याय येतात तो शीर्षकात घ्या, दुसरा वर्णनाच्या पहिल्या ओळीत. 'पेस्ट' आणि 'मलम' दोन्ही शीर्षकात कोंबायची गरज नाही.

धानवाला दादा, तुमचा प्रेक्षक कोण ते आधी ठरवा. भंडारा-गोंदियाचा शेतकरी असेल तर शीर्षकात रोवणीच ठेवा. वर्णनात एक वाक्य घाला: 'धानाची रोवणी, म्हणजेच भात लावणी, करताना परे किती दिवसांचे घ्यायचे ते यात दाखवलंय.' एवढ्याने काम होतं.

पुसदकर टेक

मग इंग्रजी अक्षरांत का नाही लिहायचं? आपल्याकडे निम्मी पोरं 'santra dink upay' असंच टाईप करतात. मराठी कीबोर्ड कोणाच्या फोनमध्ये आहे? मी तर वर्णनाच्या शेवटी चाळीस-पन्नास शब्द इंग्रजी अक्षरांत टाकून ठेवतो.

मेघा अंजनगाव

टाईप करतात हे तुमचं बरोबर आहे. पण वर्णनात असा शब्दांचा ढीग ओतणं यूट्यूबच्या नियमात बसत नाही, वर्णनातले भरमसाट टॅग ते स्पॅममध्ये धरतात, व्हिडीओ काढूनही टाकू शकतात. एक-दोन वाक्यं रोमनमध्ये लिहिली तर काही हरकत नाही, 'Santra zadala dink yet asel tar Bordeaux paste kashi banvaychi' असं. हॅशटॅगचंही तसंच, दोन-तीन पुरेत. ६० च्या वर गेले तर यूट्यूब सगळेच हॅशटॅग सोडून देतं.

वऱ्हाडी ठेचा

आमचा बुढा त टाईपच नाही करत. माईकवर बोट ठेवते अन् म्हणते, "संत्र्याच्या झाडातून डिंक कायले निंघते?" फोन हिंदीत असला का तो भलतंच लिहिते. माईक मराठीत करून देल्लं तवापासून बराबर लिहिते.

मेघा अंजनगाव

ठेचा भाऊ, हे फार कामाचं सांगितलंत. बोलून शोधणारा माणूस दोन शब्द नाही, अख्खा प्रश्न बोलतो. म्हणून शीर्षकात 'कशी बनवायची', 'का गळतो', 'कधी लावायची' असे प्रश्नाचे शब्द असू द्यावेत. 'बोर्डो पेस्ट निर्मिती प्रक्रिया' असं कोणी बोलत नाही.

मृगबहार

शीर्षक बदललं. वर्णन मी तालुक्याच्या एका टायपिंगवाल्याकडून करून घेतलं होतं. त्याने पेनड्राईव्हवर फाईल दिली, पण यूट्यूबमध्ये पेस्ट केलं की 'la=k' असलं काहीतरी उमटतं. म्हणून मग तेही सोडलं. आणि चॅप्टर असे लिहिले होते:

```
0.45 नमस्कार व ओळख
2.10 साहित्य
2.15 प्रमाण
४:३५ कृती
```

मेघा अंजनगाव

'la=k' म्हणजे 'संत्रा'च आहे, फक्त कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप केलेला. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त मराठी आकार दिसतो. लग्नपत्रिका छापायला चालतं, सर्चला ते 'la=k'च वाटतं. त्या माणसाकडून युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या किंवा फोनच्या मराठी कीबोर्डवर सरळ लिहा. तपासायचं कसं, तर मजकूर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. तिथे मराठी दिसलं तर यूट्यूबवरही दिसणार.

चॅप्टरमध्ये चार गोष्टी अडल्यात. वेळ टिंबाने लिहिली आहे, तिथे विसर्गासारखं ':' पाहिजे. आकडे इंग्रजी कीबोर्डचे ठेवा, '४:३५' नको. यादीतली पहिली वेळ 0:00 च असावी लागते, तुमची पाऊण मिनिटापासून सुरू होते. आणि प्रत्येक चॅप्टर निदान १० सेकंदांचा हवा, तुमचं 'साहित्य' पाच सेकंदांत संपतं. शिवाय निदान तीन चॅप्टर लागतात आणि वेळा चढत्या क्रमाने हव्यात.

चूक कुठे आहे ते सेव्ह केल्यावर व्हिडीओच्या पानावरच कळतं. वर्णनातली वेळ निळी झालीच नाही, तर ती लिहिण्यात चूक आहे: टिंब, मराठी आकडा, असलं काही. वेळा निळ्या झाल्या, दाबल्यावर व्हिडीओ तिथे जातोही, पण खालच्या पट्टीचे तुकडे पडले नाहीत, तर 0:00, तीन, १० सेकंद किंवा क्रम यांतलं काहीतरी चुकलंय. चॅनलवर स्ट्राईक चालू असेल तरी चॅप्टर दिसत नाहीत, तुमचं तसं नसावं.

खंजिरी

मी तिवसा तालुक्यातला. आमचं भजनी मंडळ आहे. चॅप्टर म्हणजे व्हिडीओचे तुकडे करून वेगवेगळे टाकायचे असंच ना? आमचा तीन तासांचा कार्यक्रम आहे, त्याचे बावीस तुकडे कोण करणार? एडिटिंगवाला एका तुकड्याचे पैसे मागतो.

मेघा अंजनगाव

नाही काका, काही कापायचं नाही. व्हिडीओ अख्खाच राहतो. वर्णनात फक्त कोणतं भजन कोणत्या मिनिटाला सुरू होतं ते लिहायचं, ते एक पैसा न देता तुम्ही घरीच करू शकता. तासाच्या पुढे गेलं की 1:12:40 असं लिहा. आणि चॅप्टरला 'भजन १', 'भजन २' अशी नावं देऊ नका. भजनाची पहिली ओळ लिहा, कारण माणसाला तीच आठवत असते आणि तो तीच शोधतो.

खंजिरी

असं होय. मग मंडळाच्या पोराला सांगतो. पण 0:00 ला भजन नाही, सरपंचांचं भाषण आहे.

वऱ्हाडी ठेचा

त्या चॅप्टरचं नाव 'इथून पुढे ढकला' असं ठेवा काका. 😄

मेघा अंजनगाव

'सत्कार आणि प्रास्ताविक' लिहा, सरपंचही खूश. 🙂

मृगबहार भाऊ, तुमच्याकडेही सुरुवातीचा पाल्हाळ आहे. तुमचा व्हिडीओ मी बघितला. पहिली एक मिनिट चाळीस सेकंदं नमस्कार, चॅनलची ओळख आणि रस्त्यावरून बागेकडे चालणं आहे. डिंक गळणारं खोड त्यानंतर दिसतं. शोधून आलेला माणूस तोवर थांबत नाही. लोक लगेच निघून जायला लागले की शीर्षक कितीही चांगलं असलं तरी सर्चमध्ये वर टिकणं कठीण, कारण शब्द जुळणं हा एक भाग झाला, लोक तो व्हिडीओ बघतात का हेही पाहिलं जातं. यूट्यूब स्टुडिओत एडिटर आहे, त्यात हा भाग कापता येतो. लिंक आणि व्ह्यूज तसेच राहतात. फक्त आधी कापा, मग चॅप्टर लिहा. कापल्यावर सगळ्या वेळा सरकतात आणि वर्णनातले आकडे आपोआप बदलत नाहीत.

मृगबहार

कापलं. आता व्हिडीओ थेट खोडापासून सुरू होतो. वर्णन आणि चॅप्टर असं लिहिलंय, बघा बरं.

```
संत्रा झाडाच्या खोडातून डिंक गळत असेल तर डिंक्या
रोगावर बोर्डो पेस्ट (बोर्डो मलम) घरी कशी बनवायची ते
या व्हिडीओत दाखवलं आहे. १ किलो मोरचूद, १ किलो
कळीचा चुना आणि १० लिटर पाणी.

0:00 डिंक्या कसा ओळखायचा
1:25 मोरचूद, चुना, पाणी यांचं प्रमाण
3:05 दोन्ही वेगवेगळ्या बादल्यांत का भिजवायचं
5:10 विळा बुडवून पेस्ट तपासणे
6:40 खोड खरवडून पेस्ट कशी लावायची
10:15 पावसाळ्याआधी आणि नंतर कधी लावायची
```

मेघा अंजनगाव

झकास. पहिल्या दोन ओळींत रोग, उपाय आणि बोलीतले शब्द, सगळं आलं. 'आणखी' दाबायच्या आधी तेवढंच दिसतं, म्हणून सबस्क्राईब आणि फेसबुक अगदी खाली जाऊ द्या. चॅप्टरची नावंही बरोबर आहेत. गुगलवर शोधलं तर कधी कधी व्हिडीओखाली हे टप्पे दिसतात आणि माणूस थेट प्रमाणावर उडी मारतो. त्यासाठी 'कृती' किंवा 'महत्त्वाचा मुद्दा' अशी नावं कुचकामी असतात.

एक शंका. 'विळा बुडवून' म्हणजे नक्की काय बघता? चॅप्टरच्या नावात ते आणता येईल.

मृगबहार

लोखंडी विळ्याचं पातं पेस्टमध्ये बुडवून काढायचं. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, मोरचुदातलं तांबं मोकळं आहे. आणखी चुना घालायचा, नाहीतर सालीला अपाय होतो. म्हणून पेस्ट लोखंडी बादलीत करायची नाही, प्लास्टिकच्या करायची.

मेघा अंजनगाव

मग नाव '5:10 विळ्यावर तांबूस थर आला तर काय करायचं' असं ठेवा. ही अडचण आलेला माणूस नेमकं हेच शोधेल.

धानवाला साकोली

पांढुर्णा, सौंसरकडेही संत्रा आहे ना? तिकडची मंडळी घरात मराठी बोलतात, शाळा हिंदीत शिकलेली. ते 'संतरा' शोधणार.

मेघा अंजनगाव

स्टुडिओत आधी व्हिडीओची भाषा मराठी आणि शीर्षक-वर्णनाची भाषाही मराठी अशी निवडा. मग स्टुडिओतच हिंदी ही भाषा जोडून हिंदी शीर्षक आणि वर्णन वेगळं लिहिता येतं. ज्याचं यूट्यूब हिंदीत आहे त्याला ते हिंदीत दिसतं आणि सापडतंही. व्हिडीओ मात्र मराठीतच राहणार, म्हणून हिंदी शीर्षकाच्या शेवटी 'मराठी में' लिहा, नाहीतर माणूस येतो आणि लगेच जातो.

पुसदकर टेक

पण आपल्या लोकांचे फोन बहुतेक इंग्रजीत असतात. त्यांना हिंदी भाषांतर दिसणारच नाही. म्हणून मी म्हणतो, शीर्षकातच उभी रेघ मारून पुढे रोमनमध्ये 'Santra Dinkya' टाका.

मेघा अंजनगाव

शीर्षकात जागा उरली असेल तर टाकून बघा, माझा विरोध नाही. मला स्वतःला ते सरमिसळ वाटतं आणि मी ज्यांचं काम बघते त्या चॅनलांवर त्याने ठळक फरक पडलेला दिसला नाही. तुमच्याकडे पडत असेल तर सर्चच्या शब्दांचा स्क्रीनशॉट दाखवा.

पुसदकर टेक

दाखवतो. पण माझे मोबाईल रिपेअरिंगचे व्हिडीओ आहेत, त्यात शब्दच इंग्रजी असतात.

वऱ्हाडी ठेचा

म्हणजे गड्या, तुह्या गावचा नियम ह्या गावाले कायले लावतं?

मृगबहार

आज पुन्हा आलो. मधे पावसाची गडबड होती. स्टुडिओत ॲनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स आणि त्यात यूट्यूब सर्च उघडलं. पूर्वी तिथे फक्त माझ्या चॅनलचं नाव होतं, म्हणजे ओळखीचेच लोक. आता 'संत्रा डिंक्या', 'morchud chuna praman' आणि 'मोसंबी डिंक' असे शब्द आलेत. आकडा मोठा नाही, पण रोज थोडे थोडे येतात, ग्रुपवर लिंक न टाकताही.

प्रश्न असा की मी व्हिडीओत मोसंबीचा उल्लेखही केलेला नाही. मग शीर्षकात मोसंबी घालू का?

मेघा अंजनगाव

शीर्षकात नको, कारण व्हिडीओत झाड संत्र्याचं आहे. मोसंबीवाला येईल, पाच सेकंदांत फसल्यासारखं वाटून जाईल. उपाय तोच लागू होत असेल तर वर्णनात एक ओळ लिहा: 'मोसंबीच्या डिंक्यासाठीही हीच पेस्ट वापरतात.' आणि पुढच्या खेपेला मोसंबीच्या बागेत जाऊन वेगळा व्हिडीओ करा. सर्चच्या शब्दांची ती यादी म्हणजे लोकांनी न विचारता दिलेली विषयांची यादी असते.

'morchud chuna praman' मात्र मजेशीर आहे. तुम्ही रोमनमध्ये काही लिहिलं होतं का?

मृगबहार

नाही. एक अक्षरही नाही. टॅगमध्येही नाही.

पुसदकर टेक

बघा! म्हणजे यूट्यूबला दोन्ही कळतं.

मेघा अंजनगाव

म्हणजे दादा, तुमचाच मुद्दा तुम्ही खोडलात. 🙂 पण एका शब्दावरून नियम करू नये. 'मोरचूद' जुळलं तसं 'डिंक्या' जुळेलच असं नाही, त्याची रोमनमध्ये पाच स्पेलिंगं होतात. मी अजून वर्णनात एक रोमन वाक्य ठेवायच्याच बाजूची आहे.

धानवाला साकोली

भाग १ ते ६ चं काय करायचं? सगळी शीर्षकं एकदम बदलायची का?

मेघा अंजनगाव

एकदम नको. आधी प्रत्येकाच्या सर्चमध्ये कोणते शब्द येतात ते बघा. एखादा जुना व्हिडीओ आधीच शोधातून येत असेल तर त्याच्या शीर्षकातला तो शब्द हलवू नका. जे पडून आहेत त्यांना हात लावा. बाजारभावाचे व्हिडीओ असतील तर ते सोडून द्या, गेल्या वर्षीचा भाव आता कोणी शोधत नाही. पुढच्या वेळी अशा व्हिडीओत तारीख आणि बाजार समितीचं नाव शीर्षकातच लिहा. पेस्टच्या व्हिडीओत मात्र साल घालू नका, ती पद्धत दरवर्षी तीच राहते.

मृगबहार

भाग ३ फळगळीचा आहे, आंबिया बहाराचा. त्याचं शीर्षक 'ही चूक करू नका!!!' असं आहे.

वऱ्हाडी ठेचा

तेच करून ठेवलं तुमी. 😄

खंजिरी

मेघाताई, बावीस भजनांच्या वेळा लिहून झाल्या. पट्टीचे तुकडे पडले. पण दोन भजनं सलग एकाच चालीत आहेत, कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते आमच्याच मंडळात दोन मतं आहेत.

मेघा अंजनगाव

काका, ते तुम्ही बैठक घेऊन ठरवा. मध्ये १० सेकंद अंतर राहिलं म्हणजे झालं.